मैदानात चढणारी, मध्यरात्री उतरणारी साखर



ज्या डॉक्टरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आपल्या मधुमेही रुग्णांना साखरेची वही ठेवायला लावत. वहीत नुसता आकडा लिहिलेला त्यांना चालत नसे. आकड्यापुढे वेळ हवी, काय खाल्लं ते हवं, किती इन्सुलिन घेतलं ते हवं, आणि शेवटच्या रकान्यात त्या दिवशी अंगमेहनत काय झाली तेही हवं. आजचं माझं बोलणं या शेवटच्या रकान्याबद्दल आहे. व्यायाम केला की साखर उतरते, असं आपण सगळे धरून चालतो. पण इन्सुलिन घेणारी माणसं मैदानातून किंवा जिममधून घरी येतात, बोटाला सुई टोचतात, आणि साखर शंभराने वाढलेली दिसते. त्याच रात्री, सगळे झोपलेले असताना, तीच साखर धोक्याच्या पातळीखाली जाते. या दोन्ही गोष्टी एकाच व्यायामाने घडतात आणि त्या एकमेकींशी जोडलेल्या आहेत. संध्याकाळची वाढ जितक्या घाईने आपण इन्सुलिनने दाबतो, तितकी रात्रीची घसरण खोल होते. मला आज एवढंच नीट उलगडून सांगायचं आहे.

त्यासाठी मी एका मुलीची वही उघडतो. तिची आणि तिच्या आईची परवानगी घेतलेली आहे. नाव सांगत नाही. वय १७, वजन ५० किलो, नऊ वर्षांची असल्यापासून टाइप वन मधुमेह. म्हणजे तिच्या स्वादुपिंडात इन्सुलिन तयारच होत नाही. जे काही आहे ते सुईने दिलेलं. रात्री दहाला लांब पल्ल्याचं ग्लार्जिन १८ युनिट, आणि प्रत्येक जेवणाआधी झटपट काम करणारं इन्सुलिन. जेवणाचा तिचा हिशेब असा, की दहा ग्रॅम कर्बोदकांना एक युनिट. साखर चढलेली असेल तर तिच्या बाबतीत एक युनिट साधारण ४५ने खाली आणतं. हे हिशेब तिला पाठ आहेत, आणि रोजच्या दिवसाला ते बरोबर आहेत. ती कबड्डी खेळते. चढाई करणारी खेळाडू आहे.

एका बुधवारची नोंद बघा. संध्याकाळी सव्वापाचला साखर १४२. साडेपाच ते सात सराव. आधी वीस मिनिटं मैदानाला फेऱ्या, मग पूर्ण ताकदीचे सामने, कारण रविवारी स्पर्धा होती. सात वाजून पाच मिनिटांनी साखर २६८. पोरीने आपला पाठ असलेला हिशेब केला: २६८मधून १२० वजा, त्याला ४५ने भाग, आले साधारण तीन. तीन युनिट टोचले. साडेआठला जेवताना १७१. दोन भाकऱ्या, भाजी, थोडा आमटीभात, मिळून सत्तर ग्रॅम कर्बोदकं. त्याचे सात युनिट. दहाला ग्लार्जिन नेहमीप्रमाणे १८. अकराला झोपण्याआधी पाहिलं तर १२८. ‘मस्त’ असं तिने वहीत लिहिलंय. पहाटे दोन वाजून चाळीस मिनिटांनी आईला जाग आली ती पोरगी कण्हत होती म्हणून. अंगावरचे कपडे घामाने चिंब, हाक मारली तर भलतीच उत्तरं. मीटरवर ४६. गिळता येत होतं, म्हणून आईने ग्लुकोज पावडर पाण्यात कालवून पाजली. पंधरा मिनिटांनी ७१, मग दूध आणि बिस्किटं.

या नोंदीत मुलीने नियम मोडलेला एकही क्षण नाही. तिने प्रत्येक वेळी तपासलं, प्रत्येक वेळी शिकवलेला हिशेब केला. म्हणूनच ही नोंद मला महत्त्वाची वाटते. हिशेब बरोबर असून उत्तर चुकतं, तेव्हा हिशेबात धरलेल्या गोष्टींपैकी एखादी बदललेली असते. कोणती बदलली, ते पाहू.

आधी साखरेचं प्रमाण डोळ्यांसमोर आणू या. मीटरवरचा आकडा म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात किती मिलिग्रॅम ग्लुकोज आहे तो. पण ग्लुकोज रक्तवाहिन्यांपुरतं राहत नाही, पेशींच्या बाहेरच्या सगळ्या पाण्यात पसरतं. पन्नास किलोच्या देहात हे पाणी दहा लिटरच्या आसपास असतं. १४२वरून २६८ म्हणजे १२६ची वाढ. दहा लिटरला ती होते साधारण साडेबारा ग्रॅम. चहाचे तीन लहान चमचे साखर, एवढाच तो प्रकार. आकडा पाहून छातीत धस्स होतं, पण प्रत्यक्ष ऐवज एवढासा आहे. आता याच्यासमोर साठे ठेवा. प्रौढ माणसाच्या यकृतात ग्लायकोजेनच्या रूपाने सुमारे शंभर ग्रॅम ग्लुकोज साठवलेलं असतं, आणि सगळ्या स्नायूंत मिळून चारशे ग्रॅमच्या घरात. आपल्या खेळाडूत देहाच्या मानाने थोडं कमी. दोन्ही साठ्यांत एक मोठा फरक आहे. यकृत आपला साठा रक्तात सोडू शकतं. स्नायूंना ते जमत नाही, कारण साठ्यातून सुटं ग्लुकोज करून बाहेर पाठवणारं विकर स्नायूंत नसतं. स्नायूचं ग्लायकोजेन त्या स्नायूनेच जाळायचं. संपलं, की भरून काढायचं रक्तातून. हे वाक्य लक्षात ठेवा. पहाटेच्या ४६चं मूळ त्यातच आहे.

व्यायामाने साखर उतरते हे जुनं ज्ञान आहे, आणि ते शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्यांत लंडनच्या किंग्ज कॉलेज हॉस्पिटलचे रॉबर्ट लॉरेन्स होते. त्यांना स्वतःला मधुमेह होता. १९२३ साली इन्सुलिन हाती आलं म्हणून ते जगले. १९२६ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये त्यांनी दाखवलं, की इन्सुलिन टोचून माणूस स्वस्थ बसला तर साखर जेवढी उतरते, त्याहून कितीतरी जास्त ती इन्सुलिन टोचून व्यायाम केल्यावर उतरते. असं का होतं, ते कळायला पुढे बरीच वर्षं लागली. स्नायूच्या पेशीत ग्लुकोज शिरायला दारं लागतात, आणि ही दारं पेशीच्या आत ठेवलेली असतात. इन्सुलिन आलं की ती पृष्ठभागावर येऊन उघडतात. पण स्नायू आकुंचन पावू लागला की तीच दारं इन्सुलिनच्या निरोपाशिवायही वर येतात. म्हणजे चालता माणूस एकाच वेळी दोन्ही कारणांनी दारं उघडून बसलेला असतो.

निरोगी माणसात यावर तोल सांभाळणारी सोय आहे. व्यायाम सुरू झाल्यावर काही मिनिटांतच त्याचं स्वादुपिंड इन्सुलिनचा पुरवठा आखडतं. यकृतावरचा इन्सुलिनचा दाब सैल होतो, ग्लुकॅगॉन वाढतं, आणि स्नायू जेवढं ओढतात तेवढं यकृत सोडत राहतं. म्हणून तासभर पळूनही निरोगी माणसाची साखर फारशी हलत नाही. आपल्या मुलीकडे ही सोय नाही. दुपारी त्वचेखाली टोचलेलं इन्सुलिन ती सायंकाळी परत काढून घेऊ शकत नाही. उलट व्यायामाने अंग तापतं, रक्तप्रवाह वाढतो, आणि टोचलेलं इन्सुलिन जास्त वेगाने शोषलं जातं. मांडीत टोचून पायाचा व्यायाम केला तर हे ठळक दिसतं. सावकाश, सलग व्यायामात, म्हणजे सायकल, चालणं, डोंगरयात्रा यांत, तिची साखर उतरते ती यामुळे. तिच्या वहीत मैदानाच्या फेऱ्यांचे दिवस तसेच आहेत: अर्ध्या तासात तीसचाळीसने खाली.

मग कबड्डीच्या दिवशी २६८ कुठून आले?

चढाई तीस सेकंदांची असते. त्या तीस सेकंदांत दम धरून, सात जणांच्या नजरा चुकवत, सगळं अंग एका क्षणात झोकून द्यावं लागतं. पकड करणाऱ्यालाही तेच. अशा कमाल जोराच्या श्रमात शरीर तोल पाहत बसत नाही. मॉन्ट्रियलचे मार्लिस आणि टोरांटोचे व्रानिक या दोघांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं आणि २००२ साली त्याचा आढावा मांडला. कमाल क्षमतेच्या ८० टक्क्यांच्या वर श्रम गेले, की रक्तातलं ॲड्रिनालिन आणि त्याचं भावंड नॉरॲड्रिनालिन विश्रांतीच्या चौदा ते अठरा पट होतं. यकृताचं ग्लुकोज सोडणं सात-आठ पट होतं. पण स्नायूंचं ग्लुकोज ओढणं तीन-चार पटच वाढतं, कारण त्या क्षणी स्नायू प्रामुख्याने स्वतःचंच ग्लायकोजेन जाळत असतात. सोडणं जास्त आणि ओढणं कमी, म्हणून साखर चढते. ही वाढ निरोगी खेळाडूतही होते. फरक पुढच्या तासात आहे. निरोगी माणूस थांबतो, ॲड्रिनालिन काही मिनिटांत उतरतं, आणि स्वादुपिंड इन्सुलिन दुप्पट करून साचलेली साखर तासाभरात स्नायूंत पोचवतं. टाइप वनच्या रुग्णात हे शेवटचं पाऊल पडतच नाही. म्हणून चढलेली साखर रेंगाळते, आणि मीटरवर दिसते.

स्पर्धेचा ताण हाच परिणाम वाढवतो, तोही ॲड्रिनालिनमुळेच. पुष्कळ खेळाडूंची साखर सरावात साधी राहते आणि सामन्याच्या दिवशी मैदानात उतरण्याआधीच चढू लागते. त्यांना वाटतं, नाश्त्यात काहीतरी चुकलं. जड वजनं उचलणाऱ्यांचं आणि कमी अंतर जोरात पळणाऱ्यांचंही असंच. या गुणाचा उलटा उपयोगही करता येतो. ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या संशोधकांनी २००६ साली टाइप वनच्या तरुणांना वीस मिनिटं मध्यम वेगाने सायकल चालवायला लावली आणि शेवटी फक्त दहा सेकंद जीव तोडून. नुसतं मध्यम वेगाने चालवून थांबलेल्यांची साखर नंतर उतरत राहिली; शेवटी दहा सेकंद जोर लावला त्या दिवशी ती तशी उतरली नाही. फेऱ्यांनंतर साखर घसरते अशा खेळाडूला मी हे सांगतो. पण ती सोय तासाभराची, दोन तासांची आहे. रात्रीसाठी तिचा भरवसा धरू नये.

आता सात वाजून दहा मिनिटांवर येऊ, जिथे तीन युनिट टोचले गेले. त्या क्षणी मुलीसमोर एक खरा प्रश्न होता आणि तो तिला कोणी नीट शिकवलेला नव्हता. २६८ ही साखर दोन वेगळ्या कारणांनी दिसू शकते. एक, ॲड्रिनालिनने यकृतातून आलेली; शरीरात इन्सुलिन पुरेसं आहे, फक्त थोडा वेळ तोल गेलाय. दुसरं, इन्सुलिनच कमी पडलंय: डोस राहून गेला, उन्हात ठेवलेलं इन्सुलिन खराब झालं, पंपाची नळी दुमडली. दुसऱ्या प्रकारात व्यायाम साखर उतरवत नाही, वाढवतो, आणि चरबी जळून कीटोन साचतात. ते जिवावर बेतू शकतं. हे दोन प्रकार ओळखायचे कसे? सरावाआधीचा आकडा पाहा. आधी १४२ असून नंतर चढली असेल तर पहिल्याची शक्यता मोठी. आधीच तीनशेच्या जवळ असेल तर दुसऱ्याची शंका घ्या. मळमळ, पोटात दुखणं, धाप न थांबणं ही दुसऱ्याची लक्षणं. आणि खात्री कीटोनच्या तपासणीने होते. सरावाआधी साखर २७०च्या वर असेल तर रक्तातले कीटोन पाहावेत, ते १.५च्या वर असतील तर त्या दिवशी मैदान नाही, इन्सुलिन आणि डॉक्टर. ०.६पासून वर असले तरी आधी त्यांचा बंदोबस्त, मग खेळ. कीटोन नसतील आणि साखर खेळानंतरच चढलेली असेल, तर पहिलं औषध म्हणजे वेळ आणि सावकाश चालणं. दहापंधरा मिनिटं हळू चाललं की उघडी दारं साचलेली साखर आत घेतात, तेही वेगळ्या इन्सुलिनशिवाय. सेन्सर वापरणाऱ्यांनी इथे एक ध्यानात ठेवावं, की सेन्सर पेशीबाहेरच्या पाण्यातली साखर मोजतो आणि रक्ताच्या मागे चालतो. साखर झपाट्याने हलत असताना तो काही मिनिटं मागे असतो. निर्णय अवघड वाटला तर बोट टोचून पाहावं.

आपल्या मुलीने टोचलेले तीन युनिट खरं तर साडेबारा ग्रॅमच्या तात्पुरत्या वाढीवर होते. दुसरीकडे दीड तासात मांड्या, पोटऱ्या, पाठ आणि खांदे यांच्यातलं ग्लायकोजेन त्याच्या कितीतरी पट जळून गेलं होतं, आणि ते भरून काढण्याचं काम आता सुरू होणार होतं.

हे भरणं दोन टप्प्यांत होतं. पहिला टप्पा व्यायामानंतरचा अर्धा-पाऊण तास. दारं अजून वर असतात आणि इन्सुलिनची गरज फारशी नसते. दुसरा टप्पा लांब. यात दारं परत आत गेलेली असतात, पण स्नायू इन्सुलिनला जास्त जोराने प्रतिसाद देऊ लागतो. कालचा एक युनिट आज दीड युनिटासारखा वागतो म्हणा. हा काळ चोवीस तास टिकतो, जड व्यायामानंतर अठ्ठेचाळीस तासांपर्यंतही. मुलीच्या हिशेबातली जी गोष्ट बदलली होती ती हीच: ‘एक युनिट म्हणजे ४५’ हा आकडा त्या रात्रीपुरता खरा नव्हता. दहा ग्रॅमला एक युनिट, हाही नव्हता.

आणि हा ओढा रात्रीच का जाणवतो? पर्थलाच २००७ साली एक सुरेख प्रयोग झाला. टाइप वनच्या किशोरवयीन मुलांना दुपारी चारला पंचेचाळीस मिनिटं मध्यम व्यायाम करायला लावला, शिरेतून ठरावीक इन्सुलिन चालू ठेवलं, आणि साखर एका जागी राहण्यासाठी किती ग्लुकोज शिरेतून द्यावं लागतं ते रात्रभर मोजलं. गरज दोनदा वाढली. एकदा व्यायामात आणि लगेच नंतर. मग ती खाली आली. आणि पुन्हा सात ते अकरा तासांनी, म्हणजे मध्यरात्र ते पहाटे चारच्या सुमारास, ती चढली. मधल्या शांततेत माणूस फसतो. रात्री अकराला आकडा चांगला दिसतो, आणि खेळाचा परिणाम सरला असं वाटतं. आपल्या वहीतलं ‘मस्त’ याच मधल्या वेळेतलं आहे. त्याच्याही मुळाशी पाहिलं तर १२८ हा थांबलेला आकडा नव्हताच. साडेआठच्या सात युनिटांपैकी दोनेक युनिट अजून अंगात काम करत होते, आणि वर १८ युनिट ग्लार्जिन. १९८७ साली अमेरिकेत तीनशे तरुण रुग्णांवर दोन वर्षं लक्ष ठेवून मॅकडोनाल्ड यांनी नोंदवलं होतं, की अठ्ठेचाळीस जणांना व्यायामानंतर अशी उशिरा येणारी घसरण झाली, आणि ती बहुधा सहा ते पंधरा तासांनी, रात्री झोपेत. झोपेत आणखी एक अडचण असते. साखर खाली गेली की जागेपणी ॲड्रिनालिन हात थरथरवतं, छाती धडधडवतं आणि आपल्याला सावध करतं. झोपेत हा प्रतिसाद मंदावतो. पोरगी उठली नाही, आई उठली, यात मुलीचा आळस नव्हता.

गुरुवारची नोंदही थोडक्यात सांगतो, कारण ती पुष्कळांच्या नजरेतून सुटते. रात्री असं झालं असूनही ती दुसऱ्या दिवशी सरावाला गेली. रविवारची स्पर्धा होती ना. सव्वापाचला १५०. या वेळी चढायच्या ऐवजी साखर पाऊण तासातच ५८वर आली, आणि तिला काहीही जाणवलं नाही. प्रशिक्षकांना ती चुकीच्या बाजूने परत येताना दिसली म्हणून त्यांनी थांबवलं. आदल्या रात्रीची घसरण दुसऱ्या दिवशी शरीराचा बचाव बोथट करते: ॲड्रिनालिन आणि ग्लुकॅगॉन दोन्ही कमी वाढतात. त्यामुळे बुधवारी ज्या खेळाने साखर चढली त्याच खेळाने गुरुवारी उतरली. म्हणून माझा आग्रह आहे, की रात्री मोठी घसरण झाली, विशेषतः दुसऱ्याची मदत लागली, तर दुसऱ्या दिवशी सराव नको. स्पर्धा असली तरी नको.

मग आम्ही काय बदललं? पुढच्या मोसमातली एक संध्याकाळ सांगतो. सव्वापाचला १३८. सात वाजून पाच मिनिटांनी २५१, कीटोन ०.२. तिने टोचलं नाही. मैदानाच्या कडेने पंधरा मिनिटं चालली, पाणी प्यायली. पावणेआठला २०३. साडेआठला १८८. जेवण तेच, सत्तर ग्रॅमचं. सातऐवजी चार युनिट, आणि १८८साठी वेगळं काही नाही. ग्लार्जिन वीस टक्क्यांनी कमी, म्हणजे १८ऐवजी १४. अकराला १५६. झोपताना वजनाच्या दर किलोला ०.४ ग्रॅम, म्हणजे वीस ग्रॅम कर्बोदकं: मोठा कप दूध आणि अर्धी पोळी, त्याला इन्सुलिन नाही. तीनला गजर लावून पाहिलं तर ११८. सकाळी साडेसहाला १३१.

ही सगळी पावलं जागतिक तज्ज्ञांच्या २०१७च्या सहमतीत आहेत, पण आकडे प्रत्येकाचे वेगळे. आपल्या मुलीचेही लगेच बसले नाहीत. पहिल्या आठवड्यात सकाळी २१० दिसू लागले, म्हणून अकराला साखर १८०च्या वर असेल तर दूधपोळी वगळायचं ठरवलं. ग्लार्जिन कमी केलं की त्याची कमतरता दुसऱ्या दिवशी दुपारीही जाणवते, कारण ते चोवीस तासांचं औषध आहे. पंप असता तर झोपल्यापासून सहा तासच पुरवठा आखडता आला असता. म्हणून ज्या दिवशी फक्त हलका सराव असतो त्या दिवशी ती ग्लार्जिनला हात लावत नाही, जेवणाचा डोस तेवढा घटवते. वहीत आता एक नवा शब्द आला आहे: ‘जड’ किंवा ‘हलका’. ग्लार्जिनच्या डोसाचा निर्णय ती त्या शब्दावर घेते. हे ऐकून कोणी उद्यापासून स्वतःचे डोस कापू नयेत. आपल्या डॉक्टरांसमोर वही ठेवून, आठवडाभराचे आकडे पाहून हे ठरवायचं असतं. आणि बाहेर जेवायला गेलेल्या सज्ञान खेळाडूंना एक सांगतो. सामन्यानंतर मद्य घेतलं तर यकृताचं नवं ग्लुकोज तयार करणं मंदावतं, आणि रात्रीची घसरण अधिक खोल जाते.

इथे बसलेल्यांपैकी बहुतेकांना टाइप टू आहे, आणि त्यांचा प्रश्न वेगळा असतो. सकाळी उपाशीपोटी चालून आल्यावर साखर वीसतीसने वाढलेली का? पहाटे संप्रेरकांमुळे यकृत तसंही साखर सोडत असतं, त्यात रिकाम्या पोटी झपाझप चालणं भर घालतं. ही वाढ नाश्त्यानंतर किंवा तासाभराने आपली आपण निवते. तिच्यासाठी चालणं सोडायचं कारण नाही. चालण्याची वेळ जेवणानंतर ठेवली तर अनेकांना फायदा दिसतो. उशिरा येणाऱ्या घसरणीची भीती नुसत्या मेटफॉर्मिनवर असणाऱ्यांना फार नाही. पण ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेणाऱ्यांनी आणि इन्सुलिनवाल्यांनी एखाद्या दिवशी नेहमीपेक्षा फार जास्त श्रम झाले, यात्रेला चालले, शेतात दिवसभर राबले, लग्नघरात दिवसभर पायावर उभे राहिले, तर त्या रात्री साखर पाहून झोपावं. छातीच्या धडधडीसाठी किंवा रक्तदाबासाठी बीटा ब्लॉकरच्या गोळ्या असतील तर थरथर आणि धडधड झाकली जाते. घाम मात्र येतो. तो घाम खूण म्हणून ओळखायला शिका.

शेवटी वसतिगृहाबद्दल, कारण आपली मुलगी आता पुण्याला शिकते आणि रात्री आई शेजारी नाही. तिच्या खोलीतल्या मैत्रिणीला आम्ही बोलावून सांगितलं. कण्हत असेल, घामाने भिजली असेल, बोलणं भरकटलं असेल, पण गिळू शकत असेल, तर पंधरा ते वीस ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपास. ७०च्या वर गेली की दूध आणि पोळी. गिळता येत नसेल किंवा झटके येत असतील तर तोंडात काहीही घालायचं नाही. कुशीवर वळवायचं, ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन असेल तर द्यायचं आणि १०८ला फोन करायचा. ग्लुकॅगॉन यकृतातला साठा सोडवतं. जड खेळाच्या रात्री तो साठा आधीच बराच उपसलेला असतो, त्यामुळे इंजेक्शनचा परिणाम नेहमीपेक्षा कमी आणि थोडा वेळच टिकणारा असू शकतो. म्हणून इंजेक्शन देऊन निर्धास्त व्हायचं नाही. रुग्णवाहिका येईपर्यंत शेजारी बसायचं, आणि ती शुद्धीवर येऊन नीट गिळू लागली की लगेच आधी गोड, मग पोटभर काहीतरी खायला द्यायचं.